मुलांचा वाढलेला रक्तदाब आणि मूत्रपिंड: योग्य कफ व सुरुवातीच्या तपासण्या

प्रश्न: माझी मुलगी ९ वर्षांची आहे, सडपातळ आहे, खेळते-बागडते, काही त्रास नाही. शाळेच्या तपासणीत तिचं बीपी १३४/९० आलं. आमच्या डॉक्टरांनी कफ लहान असेल म्हणून दुसरा लावून पुन्हा मोजलं, तरी १२० च्या वरच आहे. आता लघवी, रक्त आणि किडनीची सोनोग्राफी करायला सांगितली आहे. एवढ्याशा मुलीच्या बीपीचा किडनीशी काय संबंध? कफमुळे आकडा खरंच इतका बदलतो का? आणि या तपासण्यांतून नेमकं काय कळतं?

उत्तर:

संबंध जवळचा आहे, आणि आपल्या डॉक्टरांनी तपासण्या ज्या क्रमाने सुचवल्या आहेत तो क्रम योग्य आहे. प्रौढ माणसाचा रक्तदाब वाढलेला सापडला तर बहुतेक वेळा त्यामागे एकच एक असे कारण सापडत नाही. मुलांमध्ये, विशेषतः वय लहान असेल, अंगकाठी सडपातळ असेल आणि आकडा बराच वर असेल, तर कारण सापडण्याची शक्यता खूप वाढते आणि सापडणाऱ्या कारणांत मूत्रपिंडाचे आजार व मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचे आजार सर्वांत पुढे असतात. सहा वर्षांखालील मुलात तर मूत्रपिंड निर्दोष आहे हे सिद्ध होईपर्यंत मी त्याच्यावरचा संशय सोडत नाही. वजन जास्त असलेल्या आणि आईवडिलांपैकी कुणाला रक्तदाब असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलात मात्र प्रौढांसारखा, विशिष्ट कारण न सापडणारा रक्तदाब अधिक आढळतो. तिथेही लघवी आणि रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही. आपली मुलगी सडपातळ आहे आणि वयाने नऊ वर्षांची आहे, म्हणून तिच्या बाबतीत मूत्रपिंडाचा विचार आधी करायला हवा.

मूत्रपिंड रक्तदाब वाढवते ते दोन मार्गांनी. त्याच्या एखाद्या भागात व्रण पडून किंवा धमनी अरुंद होऊन तिथला रक्तपुरवठा कमी झाला, की तो भाग रक्तदाब कमी पडल्यासारखे वागतो आणि रेनिन हा पदार्थ जास्त सोडतो. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होते, शरीरभरच्या धमन्या आवळल्या जातात आणि दाब चढतो. दुसरा मार्ग मीठ-पाण्याचा आहे. मूत्रपिंडाच्या गाळण्यांना सूज आली, की मीठ आणि पाणी बाहेर टाकले जात नाही आणि रक्तवाहिन्यांतील द्रव वाढतो. घशाच्या संसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांनी किंवा त्वचेच्या संसर्गानंतर तीन ते सहा आठवड्यांनी चेहरा सुजणे, लघवी चहा-कोलासारखी गडद होणे आणि दाब झपाट्याने वाढणे हे त्याचेच रूप आहे. पहिल्या प्रकारात मात्र बाहेरून काहीच दिसत नाही. मूल खेळते, शाळेत जाते, आणि दाब वर्षानुवर्षे वाढलेला राहून उरलेल्या मूत्रपिंडालाही इजा करत राहतो. त्यामुळे ‘त्रास काही नाही’ ही गोष्ट रक्तदाबाच्या बाबतीत फारसा दिलासा देत नाही.

मुलांच्या रक्तदाबाला प्रौढांचा १४०/९० हा मापदंड लावता येत नाही. तेरा वर्षे पूर्ण होईपर्यंत वय, लिंग आणि उंची यांनुसार तक्ता पाहावा लागतो. त्याच वयाच्या व उंचीच्या निरोगी मुलांपैकी ९५ टक्के मुलांचा दाब ज्या रेषेखाली असतो, त्या रेषेवर किंवा तिच्यावर वेगवेगळ्या तीन भेटींत आकडा आला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. त्या रेषेच्या १२ मिमी किंवा त्याहून अधिक वर गेला, तर तो दुसऱ्या टप्प्याचा आणि अधिक घाईचा. तेरा वर्षांपासून पुढे हिशेब सोपा होतो: १३०/८० पासून पहिला टप्पा आणि १४०/९० पासून दुसरा. नऊ वर्षांच्या मुलीसाठी चाळणीची ढोबळ मर्यादा १०८/७१ आहे, म्हणजे त्याहून जास्त आकडा आला तर तिची उंची मोजून सविस्तर तक्ता उघडावा. आपल्या मुलीचा वरचा आकडा १२० म्हटले तर मोठ्या माणसात तो कुणाच्या नजरेतही भरला नसता. तिच्यासाठी तो रेषेच्या वर आहे.

आता कफबद्दल, कारण बहुतेक घोटाळा तिथेच होतो. कफच्या कापडाच्या आत हवेने फुगणारी रबरी पिशवी असते आणि माप त्या पिशवीचे धरायचे असते, कापडाचे नाही. खांद्याच्या वरचे हाड आणि कोपराचे टोक यांच्या बरोबर मध्यावर दंडाचा घेर टेपने मोजावा. पिशवीची रुंदी त्या घेराच्या निदान ४० टक्के असावी आणि तिची लांबी घेराच्या ८० ते १०० टक्के भाग वेढणारी असावी. पिशवी अरुंद असेल तर तिने दिलेला दाब दंडाच्या आतल्या धमनीपर्यंत पूर्ण पोचत नाही, धमनी बंद करायला जास्त हवा भरावी लागते आणि यंत्र ती जास्तीची हवाच रक्तदाब म्हणून दाखवते. हा फरक थोडक्या मिलिमीटरचा असू शकतो, आणि कफ फारच लहान असेल तर २० मिमीच्या घरातही जातो. उलट मोठ्या कफमुळे आकडा कमी येतो, पण ही चूक तुलनेने लहान असते. म्हणून दोन मापांच्या मधला दंड समोर आला तर मोठे माप निवडावे.

कफवर ‘बालक’, ‘लहान प्रौढ’, ‘प्रौढ’ असे छापलेले असते आणि त्यावर विसंबून चूक होते. ‘बालक’ मापाची पिशवी साधारण ९ बाय १८ सेमी असते आणि २२ सेमी घेरापर्यंतच चालते. ‘लहान प्रौढ’ १० बाय २४ सेमी आणि २६ सेमी घेरापर्यंत, तर ‘प्रौढ’ १३ बाय ३० सेमी आणि ३४ सेमी घेरापर्यंत. याचा अर्थ असा, की अंगाने भरलेल्या दहा वर्षांच्या मुलाला ‘लहान प्रौढ’ किंवा थेट ‘प्रौढ’ कफ लागू शकतो, आणि ३६ सेमी दंडाच्या किशोराला नेहमीचा प्रौढ कफही अपुरा पडतो, त्याला ‘मोठा प्रौढ’ मापाचा कफच हवा. वजन जास्त असलेल्या किशोरांना उच्च रक्तदाबाचा शिक्का चुकीने बसण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून एक उदाहरण मांडतो, म्हणजे पुढचे सगळे एका धाग्यात समजेल. मुलगी नऊ वर्षांची, उंची १२४ सेमी, म्हणजे वर्गातल्या मुलींपेक्षा थोडी बुटकी, आणि दंडाचा घेर १९ सेमी. पहिल्या ठिकाणी हाताशी होता तो ६ बाय १२ सेमी पिशवीचा, शिशूंसाठीचा कफ लावला गेला आणि यंत्राने १३४/९० दाखवले. ६ सेमी म्हणजे १९ च्या जेमतेम ३२ टक्के आणि १२ सेमी म्हणजे ६३ टक्के. कफ उघडच लहान. नंतर ९ बाय १८ सेमीचा कफ घेतला. रुंदी ४७ टक्के, लांबी ९५ टक्के, दोन्ही बसतात. मुलीला पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटे शांत बसवले, उजवा दंड उघडा करून हृदयाच्या पातळीवर आधार दिला आणि यंत्राऐवजी स्टेथोस्कोपने मोजले. आकडा १२२/८२ आला.

कफ बदलल्याने वरचा आकडा १२ ने उतरला, आणि इथेच बऱ्याच घरांत सुटकेचा निःश्वास टाकला जातो. पण तिच्या वय-उंचीची रेषा सुमारे ११३/७५ आहे. १२२/८२ हा त्या रेषेच्या वरच आहे. लहान कफने आकडा फुगवला हे खरे, आणि खरा आकडाही जास्त आहे हेही खरे. पुढच्या दोन भेटींतही तो तिथेच राहिला, तेव्हा निदान पक्के झाले.

उजवाच हात का, हेही सांगून ठेवतो. तक्ते उजव्या हाताच्या मापांवर बेतलेले आहेत. शिवाय महाधमनी जन्मतः अरुंद असण्याचा एक विकार असतो, त्यात डाव्या हातातला दाब फसवा कमी येऊ शकतो. म्हणून मी पहिल्या भेटीत चारही हातापायांतला दाब एकदा मोजतो आणि जांघेतली नाडी हाताने पाहतो. पायांतला दाब हातापेक्षा कमी निघाला तर शोध मूत्रपिंडाऐवजी हृदयतज्ज्ञाकडे वळतो. यंत्राने मोजलेला दाब कानाने मोजलेल्यापेक्षा अनेकदा थोडा जास्त येतो, म्हणून यंत्र चाळणीला चालते, पण निदान स्टेथोस्कोपनेच पक्के करावे.

तपासण्यांच्या आधी काही प्रश्न विचारावे लागतात आणि त्यांची उत्तरे अनेकदा अर्धे निदान करून देतात. उदाहरणातल्या मुलीला पहिल्या दोन वर्षांत अनेकदा कारण न कळलेला ताप आला होता, दर वेळी प्रतिजैविके दिली गेली, लघवीची तपासणी एकदाही झाली नाही. गेले वर्षभर ती रात्री पाणी प्यायला उठत होती, आणि बंद झालेले अंथरूण ओले होणे पुन्हा सुरू झाले होते. उंची आधीच्या रेषेवरून हळूहळू खाली घसरली होती. या तीन गोष्टी एकत्र आल्या, की बालपणी मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन मूत्रपिंडावर व्रण पडले असावेत, किंवा ते जन्मतःच नीट घडले नसावे, असा संशय येतो. अशा मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही, म्हणून तहान लागते आणि रात्री लघवी होते. जन्म मुदतपूर्व होता का, नाळेतल्या रक्तवाहिनीत नळी घातली होती का, घरात कुणाला मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी आहेत का, हेही याच वेळी विचारावे. मूल कोणती औषधे घेते हेही विचारावे, कारण स्टिरॉइड आणि लक्ष केंद्रित होण्यासाठी दिली जाणारी काही औषधे दाब वाढवतात.

लघवीची तपासणी ही सर्वांत स्वस्त, आणि सकाळची पहिली लघवी नेली तर सर्वांत बोलकी. दिवसा उभे राहून-खेळून आल्यावर निरोगी मुलाच्या लघवीतही कधीकधी प्रथिन दिसते, झोपेतून उठल्यावरच्या नमुन्यात ही शंका उरत नाही. त्यात तीन गोष्टी पाहायच्या असतात: रक्तपेशी, प्रथिन आणि दाटपणा. लाल पेशी व त्यांचे साचे दिसले तर गाळण्यांना सूज असल्याचे सुचते. प्रथिन पट्टीवर दिसले तर त्याचे क्रिएटिनिनशी प्रमाण मोजून घ्यावे, दोन वर्षांवरच्या मुलात ते ०.२ च्या खाली असायला हवे. आपल्या उदाहरणात लाल पेशी नव्हत्या, प्रमाण ०.६ होते, आणि रात्रभराच्या झोपेनंतरही विशिष्ट गुरुत्व १.००८ म्हणजे पाण्यासारखे पातळ. सुजेपेक्षा जुन्या व्रणांकडे बोट दाखवणारे हे चित्र आहे.

रक्ताच्या तपासणीत सर्वांत जास्त फसवणूक क्रिएटिनिनच्या आकड्याने होते, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येते, आणि लहान मुलाचे स्नायू थोडे असतात. तरीही अनेक प्रयोगशाळांच्या अहवालात बाजूला प्रौढांची मर्यादा छापलेली असते. उदाहरणातल्या मुलीचे क्रिएटिनिन ०.८ होते. अहवालावर त्यापुढे कोणतीही खूण नव्हती, कारण छापलेली वरची मर्यादा १.२ होती. पण तिच्या वयात ते साधारण ०.४ ते ०.६ असायला हवे. मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात याचा नेमका अंदाज घ्यायला एक सोपे सूत्र आहे:

गाळण्याचा वेग = ०.४१३ × उंची (सेमी) ÷ क्रिएटिनिन (मिग्रॅ/डेसिलिटर)

१२४ ला ०.४१३ ने गुणले तर ५१.२, त्याला ०.८ ने भागले तर ६४. दोन वर्षांवरच्या मुलात हा आकडा ९० च्या वर असावा. म्हणजे ज्या अहवालावर सगळे ‘नॉर्मल’ दिसत होते, त्याच अहवालात मूत्रपिंडांचे सुमारे एक तृतीयांश काम गेलेले लिहिले होते, फक्त ते वाचायला उंचीचा आकडा लागत होता. आपल्या मुलीचा अहवाल हाती आला की हा हिशेब आपण स्वतःही करू शकता. क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये दिलेले असेल तर आधी त्याला ८८.४ ने भागावे. या सूत्रालाही मर्यादा आहेत: फार स्नायूदार किशोरात आकडा खोटा कमी येतो, फार कृश मुलात खोटा जास्त येतो, आणि तेव्हा सिस्टॅटिन-सी ही वेगळी तपासणी उपयोगी पडते.

त्याच नमुन्यातले पोटॅशियम पाहायला विसरू नये. ते कमी असेल, आणि दाब बराच चढलेला असेल, तर मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली असण्याचा किंवा अधिवृक्क ग्रंथीच्या विकाराचा विचार करावा लागतो. आपल्या उदाहरणात ते ४.४ होते, आणि रक्तातले आम्ल आटोक्यात ठेवणारे बायकार्बोनेट १९, म्हणजे थोडे कमी. हे पुन्हा जुनाट मूत्रपिंडविकाराशीच जुळते. रक्तातल्या चरबीची तपासणीही याच वेळी केली जाते. वजन जास्त असलेल्या मुलात तिच्या जोडीला मधुमेहाची आणि यकृताची तपासणी येते.

सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांची लांबी, कडा, आतल्या नळ्या फुगल्या आहेत का आणि मूत्राशय कसे आहे, हे कळते. नऊ वर्षांच्या मुलात लांबी पावणेनऊ सेमीच्या आसपास असते. उदाहरणातल्या मुलीचे उजवे मूत्रपिंड ८.३ सेमी होते, त्याच्या वरच्या टोकाचा भाग पातळ झालेला होता, आणि डावे ६.३ सेमी, कडा खडबडीत. दोन मूत्रपिंडांत एका सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर कारण शोधावेच लागते. व्रण नेमके कुठे आणि दोन्ही बाजूंना कामाची वाटणी किती, हे ठरवायला पुढे डीएमएसए स्कॅन केला. त्यात दोन्हीकडे व्रण दिसले आणि डाव्याचा वाटा २८ टक्के निघाला. लघवीचा मूत्राशयातून वर उलटा प्रवाह आणि त्यावर झालेले जुने संसर्ग, हे कारण या सगळ्याला पुरेसे होते.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे मूत्रपिंड सुटले, असे मात्र समजू नये. लहान व्रण तिच्यात दिसत नाहीत, गाळण्यांचे अनेक आजार दिसत नाहीत, आणि अरुंद धमनी तर डॉप्लर करूनही मुलांमध्ये हुकते. दाब दुसऱ्या टप्प्यातला असेल, दोन औषधांनाही दाद देत नसेल, पोटावर स्टेथोस्कोप ठेवून धमनीचा फूत्कार ऐकू येत असेल किंवा त्वचेवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे अनेक डाग असतील, तर साधी सोनोग्राफी निर्दोष असली तरी सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीपर्यंत जावे लागते.

यानंतर दोन तपासण्या उरतात. चोवीस तास दंडाला यंत्र बांधून घेतलेली मोजणी दवाखान्याच्या भीतीने वाढलेला दाब वेगळा काढते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे रात्रीचा दाब दाखवते. निरोगी मुलाचा दाब झोपेत निदान दहा टक्क्यांनी उतरतो, मूत्रपिंडाच्या आजारात हा उतार अनेकदा नाहीसा होतो. औषध सुरू करायचे ठरले की हृदयाचा इको करून डावा कप्पा जाड झाला आहे का, ते पाहतात.

मूत्रपिंडाच्या आजारात पहिले औषध सहसा अँजिओटेन्सिनचा मार्ग अडवणाऱ्या गटातले, उदाहरणार्थ एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल, निवडले जाते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एस्केप या युरोपीय अभ्यासात दिसून आले, की जुनाट मूत्रपिंडविकार असलेल्या मुलांत चोवीस तासांचा सरासरी दाब ५० व्या टक्केवारी-रेषेखाली ठेवला तर मूत्रपिंडाची झीज मंदावते. म्हणजे या मुलांसाठी ध्येय ९५ च्या रेषेखाली येणे एवढेच नसते, त्याहून बरेच खाली असते. मात्र दोन्ही धमन्या अरुंद असतील, किंवा एकच मूत्रपिंड असून त्याची धमनी अरुंद असेल, तर हेच औषध काम अचानक बंद पाडू शकते. म्हणून ते सुरू केल्यावर एक ते दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासावे लागते. उलट्या-जुलाब सुरू झाल्यास ते तात्पुरते थांबवण्याबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. वयात आलेल्या मुलींना गर्भधारणेच्या काळातील त्याच्या धोक्याची कल्पना स्पष्टपणे द्यावी.

डोके फार दुखणे, वारंवार उलट्या, धूसर दिसणे, झटका किंवा गुंगी यांपैकी काहीही वाढलेल्या दाबासोबत दिसले, किंवा आकडा ९५ च्या रेषेपेक्षा ३० मिमीहून अधिक वर गेला (किशोरवयात १८०/१२० च्या वर), तर तीन भेटींची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. आपल्या मुलीबाबत अशी घाई दिसत नाही. पुढच्या भेटीला जाताना सकाळची पहिली लघवी, तिची उंची, दंडाचा घेर आणि आतापर्यंतचे सर्व आकडे कोणत्या मापाच्या कफने घेतले त्यासह लिहून न्यावेत, आणि क्रिएटिनिनचा अहवाल ‘नॉर्मल’ म्हणून बाजूला ठेवला गेला तर उंचीवरून काढलेला गाळण्याचा वेग किती आला, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.